ब्रेक-इव्हन पॉइंट: घरगुती बेकरने महिन्याला किती केक विकायला हवेत, हे कसे काढावे

घरून केक विकणाऱ्या अनेकांना ब्रेक-इव्हन पॉइंटचे सूत्र माहीत असते, तरीही त्यांचे उत्तर चुकते. जितक्या विक्रीला एकूण उत्पन्न आणि एकूण खर्च सारखे होतात, म्हणजे नफाही होत नाही आणि तोटाही होत नाही, ती विक्री म्हणजे ब्रेक-इव्हन पॉइंट. ती काढण्यासाठी शेवटी एकच भागाकार करावा लागतो आणि त्यात सहसा कोणी चुकत नाही. चूक त्याआधीच झालेली असते. एखादा खर्च चुकीच्या रकान्यात गेलेला असतो, एखादा दोनदा धरलेला असतो किंवा एखादा अजिबात धरलेला नसतो. म्हणून या लेखात भागाकाराला थोडी जागा दिली असून त्याआधीच्या आणि नंतरच्या कामाला अधिक दिली आहे.

उदाहरणासाठी एक घरगुती बेकर घेऊ. ती एक किलोचा केक ८०० ला विकते. पुढील सर्व रकमा उदाहरणापुरत्या आहेत. त्या आपापल्या चलनात वाचाव्यात आणि प्रत्यक्ष हिशेब करताना त्यांच्या जागी स्वतःचे आकडे घालावेत.

## तयारी

हिशेबाला बसण्यापूर्वी तीन गोष्टी जवळ असाव्यात: मागील तीन महिन्यांची खरेदीची बिले, त्याच तीन महिन्यांत विकलेल्या केकची नोंद आणि स्वयंपाकघरातील वजनकाटा. वजनकाटा सर्वांत जास्त विसरला जातो. एका केकला किती लोणी लागते हे पाककृतीत लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात भांड्यात किती पडते आणि सजावटीला किती क्रीम जाते हे मोजल्याशिवाय कळत नाही. लागोपाठ तीन केक करताना प्रत्येक जिन्नस वापरण्यापूर्वी आणि नंतर मोजावा आणि त्याची सरासरी घ्यावी.

## टप्पा १: कालावधी आणि एकक ठरवणे

कालावधी एक महिना आणि एकक एक किलोचा एक केक, असे कागदाच्या वरच्या ओळीतच लिहून ठेवावे. पुढचा प्रत्येक आकडा या दोहोंपैकी एकाशी जोडलेला असला पाहिजे: तो 'महिन्याला' असेल किंवा 'एका केकला' असेल. यांपैकी कशालाही न जोडता येणारा आकडा हिशेबात घेऊ नये.

इशारा: परवान्याचे शुल्क वर्षाचे, जाहिरातीचा खर्च महिन्याचा आणि विक्री आठवड्याची अशी सरमिसळ फार वेळा होते. वर्षाच्या रकमेला १२ ने भागून मगच ती पुढे न्यावी.

## टप्पा २: महिन्याचा स्थिर खर्च

प्रत्येक खर्चाला दोन प्रश्न विचारावेत. या महिन्यात एकही केक केला नाही, तरी हा खर्च होईल का? आणि एक केक जास्त केला, तर हा खर्च वाढेल का? पहिल्याचे उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचे 'नाही' असेल, तर तो स्थिर खर्च आहे.

आपल्या बेकरची यादी अशी होते:

- ओव्हन, मिक्सर आणि साचे: एकूण ५४,०००, वापराचा अंदाज ३६ महिने, म्हणून महिन्याला १,५००
- परवाना आणि विमा: वर्षाचे ३,६००, म्हणून महिन्याला ३००
- केवळ केकसाठी ठेवलेल्या जादा फ्रिजची वीज: ४००
- ऑर्डर घेण्याच्या संकेतस्थळाचे मासिक शुल्क: ६००
- जाहिरात: १,२००

या सर्वांची बेरीज ४,००० होते.

यातील दोन गोष्टींवर थांबून विचार केला पाहिजे. पहिली गोष्ट ओव्हनची. काही जण ओव्हनची पूर्ण किंमत खरेदीच्या महिन्यात धरतात, त्यामुळे त्या महिन्याचे उत्तर भयंकर मोठे येते आणि पुढच्या महिन्यांचे खोटे लहान येते. काही जण 'ओव्हन तर आधीच घेतला आहे' म्हणून तो कायमचा सोडून देतात. मग तीन वर्षांनी नवा घेण्याची वेळ आली की धंद्यात त्यासाठी पैसाच नसतो. किंमत वापराच्या महिन्यांवर वाटून टाकणे हा यातला योग्य मार्ग आहे. ओव्हन कर्जावर घेतला असेल, तर किमतीचा मासिक वाटा आणि कर्जाचा पूर्ण हप्ता असे दोन्ही धरू नयेत, कारण हप्त्यातील मुद्दल म्हणजे तीच किंमत असते. मासिक वाटा धरायचा असेल, तर हप्त्यातील फक्त व्याज त्यात मिळवावे.

दुसरी गोष्ट घरभाड्याची. केक केले नाहीत तरी घराचे भाडे द्यावेच लागणार असेल, तर 'किती केक विकले की हा उद्योग स्वतःचा खर्च भागवतो' या प्रश्नात ते भाडे येत नाही. केकसाठी वेगळी खोली घेतली असेल, तरच तिचे भाडे यादीत टाकावे. फोनचे बिलही त्याच न्यायाने तपासावे.

## टप्पा ३: एका केकचा बदलता खर्च

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण या आकड्यातील लहानशी चूक प्रत्येक केकमागे पुन्हा पुन्हा होत राहते.

साहित्याचा खर्च वापरलेल्या मात्रेवरून काढावा, खरेदीच्या बिलावरून नव्हे. महिन्याचे बिल केकच्या संख्येने भागले, तर डब्यात उरलेला मैदाही या महिन्याच्या केकवर लादला जातो. मात्र नाशवंत जिन्नसांना हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. एका केकला ३०० मिलिलिटर क्रीम लागते, पुडा एक लिटरचा आहे आणि उरलेले क्रीम खराब होण्यापूर्वी दुसरी ऑर्डर येत नाही, असे असेल तर त्या केकचा क्रीमचा खर्च पूर्ण पुड्याचा आहे. आठवड्याला दोनच ऑर्डर असणाऱ्यांचा हिशेब बहुधा येथेच कच्चा राहतो.

आपल्या बेकरच्या मोजमापानुसार एका केकला साहित्य २६६ चे आणि ओव्हनची वीज १९ ची लागते, म्हणजे २८५. पण भाजलेल्या २० केकांपैकी एक तरी मध्ये बसतो, करपतो किंवा उचलताना मोडतो. त्याचे साहित्य आणि वीज गेलेलीच असते आणि तो भार उरलेल्या १९ केकांना उचलावा लागतो. २८५ ला १९ ने भागले की १५ येतात, म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक केकमागे साहित्य आणि वीज मिळून ३०० धरावे लागतात.

त्यात खोका, खालचा पुठ्ठा, मेणबत्ती आणि रिबीन यांचे ५० येतात. शेवटी ऑर्डर मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचे दलाली शुल्क येते, जे विक्रीच्या किमतीच्या १० टक्के म्हणजे ८० आहे. एकूण बदलता खर्च ३०० + ५० + ८० = ४३०.

इशारा: दलाली किमतीच्या टक्केवारीत असते, म्हणून किंमत बदलली की हा आकडाही बदलतो. तो कागदावर वेगळ्या ओळीत ठेवावा आणि 'इतर खर्च' म्हणून साहित्यात मिसळू नये.

तपासणी: एका केकच्या साहित्याच्या खर्चाला महिन्यात भाजलेल्या केकच्या संख्येने गुणावे. येणारी रक्कम महिन्याची साहित्य-खरेदी वजा महिनाअखेरचा वाढलेला साठा याच्या जवळपास असली पाहिजे; साठा घटला असेल, तर ती घट खरेदीत मिळवावी. प्रत्यक्ष रक्कम बरीच जास्त निघाली, तर काहीतरी मोजायचे राहिले आहे. ते बहुधा नमुन्याचे केक, घरी खाल्लेले तुकडे किंवा फेकलेले क्रीम असते.

## टप्पा ४: स्वतःच्या मेहनतीची जागा ठरवणे

पगार कोणी देत नाही म्हणून स्वतःचा वेळ फुकट धरणे ही घरगुती उद्योगातील सर्वांत खोल रुजलेली चूक आहे. मेहनत धरण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांपैकी एकच निवडायची असते. प्रत्येक केकला लागणाऱ्या तासांची मजुरी बदलत्या खर्चात मिळवता येते, किंवा महिन्याला किमान किती मोबदला सुटला पाहिजे ती रक्कम स्थिर खर्चात मिळवता येते. दोन्ही केले, तर एकच मेहनत दोनदा मोजली जाते.

घरून काम करणाऱ्यांनी दुसरी पद्धत निवडावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण बहुतेकांच्या मनातील खरा प्रश्न 'महिन्याला माझ्या हाती किती पडणार' हाच असतो. आपली बेकर ६,००० ही रक्कम ठरवते. त्यामुळे तिच्याजवळ स्थिर खर्चाचे दोन आकडे होतात: मोबदल्याशिवाय ४,००० आणि मोबदल्यासह १०,०००. पुढचा हिशेब दोन्हींसाठी करायचा आहे.

## टप्पा ५: अंशदान आणि भागाकार

किमतीतून बदलता खर्च वजा केल्यावर जे उरते, त्याला अंशदान म्हणतात. एका केकचे अंशदान ८०० − ४३० = ३७० आहे. हा नफा नव्हे. विकला गेलेला प्रत्येक केक स्थिर खर्च फेडण्यासाठी ३७० देतो, आणि तो खर्च पूर्ण फिटल्यानंतरच्या केकचे ३७० नफ्यात जमा होतात.

ब्रेक-इव्हन संख्या = महिन्याचा स्थिर खर्च ÷ एका केकचे अंशदान

मोबदल्याशिवाय: ४,००० ÷ ३७० = १०.८१, म्हणून ११ केक.
मोबदल्यासह: १०,००० ÷ ३७० = २७.०३, म्हणून २८ केक.

२७.०३ चे उत्तर २७ धरण्याचा मोह होतो, पण २७ केक विकले तर ९,९९० जमतात आणि १० कमी पडतात. अपूर्णांक कितीही लहान असला तरी संख्या नेहमी वरच न्यावी.

इशारा: स्थिर खर्च केकच्या संख्येने भागून तो 'एका केकच्या खर्चात' कधीही मिळवू नये. समजा बेकरने २० केक विकले जातील असे गृहीत धरून ४,००० चे प्रत्येकी २०० केले आणि एका केकचा खर्च ६३०, नफा १७० असे लिहिले. प्रत्यक्षात १० केक विकले गेले, तर ती १,७०० नफा झाल्याचे समजेल. खरे तर १० केकांचे अंशदान ३,७०० आहे आणि तिला ३०० तोटा झाला आहे. किती केक विकले जायला हवेत हेच शोधायचे असताना ती संख्या आधीच गृहीत धरल्यामुळे हा घोटाळा होतो.

## टप्पा ६: उलट बाजूने ताळा

सूत्राच्या उत्तरावर विसंबू नये. त्या संख्येला आणि तिच्याहून एकने कमी संख्येला पूर्ण उत्पन्न आणि पूर्ण खर्च मांडून पाहावा.

२८ केक: विक्री २२,४००, बदलता खर्च १२,०४०, स्थिर खर्च मोबदल्यासह १०,०००, शिल्लक ३६०.
२७ केक: विक्री २१,६००, बदलता खर्च ११,६१०, स्थिर खर्च १०,०००, तूट १०.

एकाला तूट आणि दुसऱ्याला शिल्लक असे आले, तर भागाकार बरोबर आहे. दोन्हींना शिल्लक आली, तर संख्या गरजेपेक्षा मोठी निघाली आहे. दोन्हींना तूट आली, तर एखादा खर्च भागाकारात धरायचा राहून गेला आहे.

## टप्पा ७: ऑर्डर आणि क्षमतेशी तुलना

२८ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याच्या एका बाजूला प्रत्यक्ष येणाऱ्या ऑर्डर आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराची क्षमता ठेवावी लागते.

क्षमता ओव्हनच्या आकारावरून ठरवू नये. स्पंज भाजायला तासभर पुरतो, पण तो पूर्ण थंड झाल्याशिवाय क्रीम लावता येत नाही आणि सजवलेला केक ग्राहक नेईपर्यंत फ्रिजमध्ये जागा अडवतो. त्यामुळे मर्यादा बहुधा फ्रिजची आणि हातांची असते. आपली बेकर दिवसाला दोन केक नीट करू शकते आणि आठवड्याला पाच दिवस काम करते, म्हणजे चार आठवड्यांत ४० केक. २८ ही संख्या त्यात बसते. मात्र ऑर्डर आठवड्याच्या शेवटच्या दोन दिवसांतच एकवटत असतील, तर ४० ही क्षमता कागदावरच राहते, हेही लक्षात घ्यावे.

आता ऑर्डर पाहू. मागील तीन महिन्यांत तिने १९, २४ आणि २२ केक विकले, म्हणजे सरासरी सुमारे २२. त्यांचे अंशदान ८,१४० होते आणि ४,००० वजा जाता ४,१४० उरतात. उद्योग स्वतःचा खर्च भागवतो आहे, पण ठरवलेले ६,००० सुटत नाहीत. प्रत्येक केकला अडीच तास धरले, तर ५५ तासांचे ४,१४० म्हणजे तासाला सुमारे ७५ पडतात. हा दर मान्य आहे की नाही याचा निर्णय तिचाच आहे, पण आता तो आकडा समोर ठेवून घेता येतो. ११ आणि २८ असे दोन वेगळे आकडे काढण्याचे कारण हेच आहे. केवळ ११ काढले असते, तर सगळे उत्तम चालले आहे असे वाटले असते.

## टप्पा ८: किंमत बदलण्यापूर्वी

विक्री वाढवण्यासाठी बहुतेकांना आधी सवलत सुचते. तिचा परिणाम आधी मोजावा.

१० टक्के सवलत दिली, तर किंमत ७२० आणि दलाली ७२ होते, म्हणून बदलता खर्च ४२२ आणि अंशदान २९८. मोबदल्यासह ब्रेक-इव्हन १०,००० ÷ २९८ = ३३.५६, म्हणजे ३४ केक. ग्राहकाला १० टक्के स्वस्त पडले, पण बेकरला २८ ऐवजी ३४, म्हणजे सहा केक जास्त विकावे लागतील. साहित्य आणि खोका तेवढ्याच किमतीचे राहतात आणि सवलत जवळजवळ पूर्ण अंशदानातून जाते, म्हणून असे होते. सध्या २२ ऑर्डर येत असताना सवलतीमुळे त्या ३४ होतील का, हा प्रश्न तिने सवलत जाहीर करण्याआधी स्वतःला विचारला पाहिजे.

उलट किंमत ८६० केली, तर दलाली ८६, बदलता खर्च ४३६, अंशदान ४२४ आणि ब्रेक-इव्हन २४ केक. काही ग्राहक कमी झाले, तरी ही वाट सवलतीपेक्षा तिच्या आजच्या विक्रीच्या अधिक जवळ आहे. अर्थात किंमत वाढल्यावर किती जण थांबतील हे सूत्र सांगत नाही. ते नव्या ऑर्डरना नवी किंमत सांगून एक-दोन महिने नोंद ठेवल्यावरच कळते.

## टप्पा ९: एकाहून जास्त प्रकार विकत असल्यास

प्रत्येक प्रकाराचा ब्रेक-इव्हन स्वतंत्र काढू नये, कारण ओव्हन आणि जाहिरात सर्वांची मिळून एकच असते. विक्रीच्या प्रमाणानुसार सरासरी अंशदान काढावे.

समजा अर्धा किलोचा केक ४८० ला विकला जातो, त्याचा दलालीसह बदलता खर्च २७० आणि अंशदान २१० आहे. दर पाच केकांत तीन मोठे आणि दोन लहान जात असतील, तर पाच केकांचे अंशदान (३ × ३७०) + (२ × २१०) = १,५३०, म्हणजे सरासरी ३०६. मोबदल्यासह १०,००० ÷ ३०६ = ३२.६८, म्हणून ३३ केक. प्रमाण उलटे होऊन दोन मोठे आणि तीन लहान जाऊ लागले, तर सरासरी २७४ वर येते आणि ३७ केक लागतात. एकूण केक तेवढेच विकले जात असूनही हाती कमी पडत असेल, तर हे प्रमाण आधी तपासावे.

## टप्पा १०: क्षमता ओलांडण्याची वेळ आल्यास

स्थिर खर्च एका मर्यादेपर्यंतच स्थिर असतो. ४० च्या पुढे जायचे तर मदतनीस लागेल. तिचे महिन्याचे ४,००० धरले, तर मोबदल्यासह स्थिर खर्च १४,००० होतो आणि ब्रेक-इव्हन ३८ केकांवर जातो. ४५ ऑर्डर येत आहेत, ३८ पुरेसे आहेत, म्हणून मदतनीस ठेवावी, असा निष्कर्ष येथे घाईने काढला जातो.

तो काढण्यापूर्वी मदतनिसाशिवाय ४० केकांवर काय उरते ते पाहावे: ४० × ३७० = १४,८००, वजा १०,०००, म्हणजे मोबदल्याच्या वर ४,८००. मदतनीस ठेवून ४५ केक विकले, तर १६,६५० वजा १४,००० म्हणजे फक्त २,६५० उरतात. पूर्वीचे ४,८०० टिकवण्यासाठी १४,००० + ४,८०० = १८,८०० इतके अंशदान लागेल आणि ३७० ने भागल्यावर ते ५१ केक होतात. ५१ ऑर्डर सातत्याने येण्याची खात्री नसेल, तर ४० वर थांबून जादा ऑर्डर नाकारणे किंवा पुढच्या आठवड्याची तारीख देणे हा पैशाच्या दृष्टीने चांगला निर्णय ठरतो. मदतनीस महिन्याच्या पगाराऐवजी दर केकप्रमाणे मिळत असेल, तर तिचा खर्च बदलत्या खर्चात जातो आणि टप्पा ३ पासून हिशेब पुन्हा करावा लागतो.